ऐकण्याची मात्रा

घरगुती हिंसाचारातून आलेल्या स्त्रीची पहिली नोंद करताना आम्ही एक प्रश्न विचारतो : त्यानं कधी तुमचा गळा दाबला होता का? फॉर्मवर त्याला हो किंवा नाही असे दोनच चौकोन आहेत. एका महिन्याच्या फायली तपासताना माझ्या लक्षात आलं, की आमच्या एका समुपदेशक मुलीच्या चौदा फायलींपैकी नऊमध्ये हे दोन्ही चौकोन रिकामे होते. बाकीचा फॉर्म नीट भरलेला होता. पत्ता, मुलांची वयं, माहेरचा आधार, पोलिसांत तक्रार झाली की नाही, सगळं सुवाच्य अक्षरात. तेवढाच एक प्रश्न गाळलेला.

हा प्रश्न गाळण्यासारखा नाही. मारहाण सोसणाऱ्या स्त्रियांपैकी जिचा गळा जोडीदारानं पूर्वी कधी दाबला आहे, तिचा त्याच्या हातून खून होण्याची शक्यता इतरांच्या मानानं सातपटीहून अधिक असते, असं २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आढळलं. गळ्यावर बऱ्याचदा वळ उठत नाही आणि ती स्त्री आपणहून सांगत नाही, कारण तिच्या लेखी खरा मार म्हणजे हात मोडला तो. म्हणून विचारावंच लागतं.

मी तिला बोलावलं. ती आमच्याकडची सगळ्यांत चांगली समुपदेशक, सहा वर्षांचा अनुभव असलेली. निष्काळजीपणाचा तिच्यावर कधी कुणी आळ घेतला नसता. रिकामे चौकोन तिनं बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "ताई, विचारलं असतं तर त्या हो म्हणाल्या असत्या. मग ते सगळं मला ऐकावं लागलं असतं."

दुसऱ्यांचं दुःख दिवसभर ऐकणाऱ्या माणसांच्या थकव्याबद्दल पुष्कळ बोललं जातं, पण मला त्यातलं सगळ्यांत खरं वाक्य हेच वाटतं. परदुःख शीतळ म्हणतात. या माणसांच्या बाबतीत ते शीतळ राहत नाही, म्हणून ती नकळत त्यापासून हात मागे घेतात. आणि तो हात मागे घेतला गेला की त्याची किंमत समोर बसलेल्या माणसाला मोजावी लागते.

या थकव्याला 'करुणेचा थकवा' म्हणतात. १९९२ साली परिचारिकांसाठीच्या एका लेखातून हे नाव पुढे आलं आणि १९९५ मध्ये मानसशास्त्रज्ञ चार्ल्स फिग्ली यांच्या ग्रंथामुळे ते रूढ झालं. कामाचा साधा शीण किंवा ज्याला आपण 'बर्नआउट' म्हणतो ते, आणि हे, यांत गल्लत होते. बर्नआउट कुणालाही येऊ शकतो, हिशेबनिसालासुद्धा. काम जास्त, अधिकार कमी, वरिष्ठ तुसडे, आणि हे वर्षानुवर्षं चाललं की माणूस कोरडा पडतो. करुणेच्या थकव्यात आणखी एक गोष्ट असते : ऐकलेल्या गोष्टी ऐकणाऱ्याच्या आत राहायला येतात. त्या स्वप्नात दिसतात. रस्त्यात कुणी मुलाचा दंड धरून त्याला ओढलं की छातीत धडधडतं. ज्याच्यावर आघात झाला त्याची जी लक्षणं, तीच ऐकणाऱ्यात सौम्य रूपात उमटतात. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ सालच्या निदानसूचीनं तर आघातोत्तर विकाराच्या व्याख्येतच हे मान्य केलं. बालशोषणाचे तपशील कामाचा भाग म्हणून पुन्हापुन्हा समोर येणाऱ्या पोलिसांचं उदाहरण तिथं दिलेलं आहे.

त्या मुलीचं काय चाललं होतं, हे मग हळूहळू बाहेर आलं. ठरलेली बाई आली नाही की तिला सुटल्यासारखं वाटायचं आणि त्याची लाज वाटायची. तिच्या नोंदी आधी पानभर असत, त्या चार ओळींवर आल्या होत्या. आईनं गुडघ्याची तक्रार केली की "एवढंच ना" असं तोंडून निघून जायचं. दिराने तिच्या लेकीला कडेवर घेतलं की ती काही ना काही निमित्त काढून तिला परत घ्यायची. दीर चांगला माणूस आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरीही.

वरवर पाहणाऱ्याला यातलं काहीच दिसलं नसतं. ती वेळेवर यायची, हसून बोलायची, कुणाच्या वाढदिवसाला वर्गणी गोळा करायची. म्हणून हा थकवा चेहऱ्यावर शोधायचा नसतो असं माझं मत झालं आहे. तो कामाच्या कागदांत शोधावा. कुठले प्रश्न गाळले जातात, कुणाच्या फॉलोअपचा फोन राहून जातो, सेशन पंचेचाळीस मिनिटांऐवजी तीस मिनिटांत का आटोपतं, सल्ला फार लवकर का दिला जातो. घाईघाईनं दिलेला सल्ला हा बहुतेक वेळा समोरच्याचं बोलणं थांबवण्याचा सभ्य मार्ग असतो.

आता यावर उपाय काय, असं विचारलं की संस्था काय करतात? कार्यशाळा घेतात. स्वतःची काळजी घ्या, प्राणायाम करा, छंद जोपासा, झोप पुरी घ्या, घरी गेल्यावर कामाचा विचार करू नका. मीही अशा कार्यशाळा घेतल्या आहेत आणि त्यांवर मनापासून विश्वास ठेवला आहे. म्हणून पुढचं लिहिताना मला जड जातं.

२००६ साली बोबर आणि रेगेर या दोन संशोधकांनी २५९ थेरपिस्टांची पाहणी केली. विरंगुळा, स्वतःची काळजी, सुपरव्हिजन म्हणजे ज्येष्ठ समुपदेशकासोबत बसून आपल्या केसेसबद्दल बोलणं, अशा उपायांचा उपयोग होतो असं बहुतेकांना वाटत होतं. पण या उपायांना कोण किती वेळ देतं आणि कुणात आघाताची लक्षणं किती, यांचा काही संबंध सापडेना. संबंध सापडला तो दुसऱ्याच एका गोष्टीशी : आघात झालेल्या माणसांसोबत आठवड्यात किती तास काम केलं जातं. पाहणी एकाच वेळची होती, त्यामुळे तासांमुळेच लक्षणं आली असं तिच्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. पण सगळी भिस्त ज्या उपायांवर टाकली जाते, त्यांची बाजू तिथं लंगडी पडली एवढं नक्की. माझ्या डोळ्यांसमोर जे घडलं तेही याच दिशेचं आहे.

क्ष-किरण विभागात काम करणाऱ्यांच्या छातीवर एक छोटा बिल्ला असतो. शरीरावर किती किरणं पडली याची नोंद तो ठेवतो. ठरावीक मुदतीनं तो तपासायला जातो. किरणांची किती मात्रा चालेल याची मर्यादा ठरलेली आहे : पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ५० च्या वर नाही, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. आकडा वर गेला की कारण शोधतात, कामाची पाळी बदलतात, किरणं अडवणारं भिंतीतलं शिसं तपासतात. त्या तंत्रज्ञाला कुणी म्हणत नाही, की तुझी सहनशक्ती कमी पडते, घरी जाऊन ध्यान कर.

माझं म्हणणं एवढंच आहे. दुःख ऐकणं ही मात्रा आहे असं धरून चाला आणि ती मोजा. मोजण्याची जबाबदारी काम देणाऱ्याची आहे, काम करणाऱ्याच्या मनोधैर्याची नाही.

मोजायचं कसं? आम्ही साधी वही केली. 'जड तास' म्हणजे असा तास, ज्यात हिंसेचे, मृत्यूचे किंवा शोषणाचे तपशील ऐकले, वाचले, पाहिले किंवा लिहिले गेले. शेवटचा शब्द महत्त्वाचा आहे. लहान मुलाचा जबाब समुपदेशक एकदा ऐकते. मग अहवालासाठी तो लिहून काढते. मग वरिष्ठांना किंवा वकिलांना वाचून दाखवते. एकाच प्रसंगातून ती तीनदा जाते, आणि हजेरीपत्रकावर मात्र एक सेशन लागतं.

त्या मुलीचा एक नेहमीचा आठवडा आम्ही दोघींनी बसून मांडला. एकूण सेशन सव्वीस, त्यांतली बारा जड, एका सेशनचा एक तास धरून. अहवाल लिहिण्यात गेलेले पाच तास, तेही सगळे जड. शिवाय रात्री घरी आलेले फोन, अंदाजे दोन तास. बेरीज एकोणीस. त्याच आठवड्यात तिच्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचे जड तास सात होते. दोघांचा पगार सारखा, हजेरी सारखी, आणि महिन्याच्या तक्त्यात सेशनची संख्याही जवळजवळ सारखी.

हा फरक कुणी मुद्दाम केला नव्हता. मुलं हिच्याशी बोलतात, एवढं एकच कारण होतं. बालशोषणाची केस आली की आपोआप हिच्याकडे जायची. आणि पाठवणारी मीच होते, तेही कौतुकानं. जो चांगलं ऐकतो त्याच्या वाट्याला सगळ्यांत वाईट ऐकणं येतं, हे जवळजवळ प्रत्येक संस्थेत चालतं आणि त्याचा दोष कुणालाच वाटत नाही, कारण प्रत्येक केस पाठवताना ती योग्य माणसाकडेच गेलेली असते.

बदल केले ते फार मोठे नव्हते. एका दिवसात दोनपेक्षा जास्त जड सेशन द्यायची नाहीत. दोन्ही पाठोपाठ लावायची नाहीत, आणि दिवसातलं शेवटचं सेशन जड ठेवायचं नाही, म्हणजे ते तसंच सोबत घेऊन कुणी घरी जाणार नाही. लिहिण्यासकट आठवड्याला बारा जड तासांची मर्यादा. हा बारा आकडा कुठल्या संशोधनातून आलेला नाही. आम्हाला कुठून तरी सुरुवात करायची होती, आणि वही तीन महिने ठेवल्यावर चांगलं चाललेल्यांचे आठवडे साधारण त्याच्या आत दिसले. दुसऱ्या संस्थेचा आकडा वेगळा निघेल. रात्रीचे फोन पाळीनं घ्यायचे. मुलांच्या केसेससाठी आणखी दोघांना तयार करायचं, म्हणजे त्या एकीकडेच साचणार नाहीत. आणि पंधरवड्यातून एकदा तासभर सुपरव्हिजन, तेही पगारवाढ आणि रजा जिच्या हातात नाही अशा बाहेरच्या ज्येष्ठ समुपदेशकाकडून. हा शेवटचा मुद्दा मी उशिरा शिकले. "मला आता मुलांचं ऐकवत नाही" हे वाक्य माणूस आपलं मूल्यमापन करणाऱ्यापुढे उच्चारत नाही. कागदी चाचण्यांचंही तेच. गेल्या ३० दिवसांबद्दलची ३० विधानं असलेली एक प्रश्नावली या क्षेत्रात सर्रास वापरली जाते आणि ती चांगली आहे. पण ती साहेबांच्या टेबलावर जाणार असेल तर सगळेच ठणठणीत निघतात.

आणखी एक सवय बदलावी लागली. एखादी भयंकर केस झाली की जिन्यात, डबा खाताना जो भेटेल त्याला ती सगळी सांगून मोकळं व्हायचं. सांगणारीला हलकं वाटतं, ऐकणारीला मात्र न मागता एक जड तास मिळतो आणि तो कुठल्याच वहीत येत नाही. आता आधी विचारायचं ठरवलं आहे : "एक अवघड गोष्ट सांगायची आहे, तुला आत्ता जमेल का?" समोरची नाही म्हणू शकते. जमेल म्हणाली, तरी बारीकसारीक तपशील न सांगता माझ्यावर काय परिणाम झाला एवढंच सांगायचं. सुरुवातीला हे फार कृत्रिम वाटलं. मैत्रिणीला परवानगी कसली विचारायची? पण दोन आठवड्यांत पहिल्यांदा कुणीतरी "आत्ता नको" म्हणालं आणि पुढचं जेवण शांत झालं.

यावर सगळ्यांत रास्त आक्षेप एका सहकाऱ्यानंच घेतला. दाराशी माणसं रांगेत उभी असताना तुम्ही ऐकण्याचे तास कमी करता, मग त्यांनी कुठे जायचं? हा आक्षेप मला झटकून टाकता येत नाही. आमच्याकडे नव्या माणसाची पहिली भेट आधी चार दिवसांत मिळायची, ती नऊ दिवसांवर गेली. जिच्या जिवाला धोका आहे तिला त्याच दिवशी भेटायचं हा नियम आम्ही हलवला नाही, पण बाकीच्यांना थांबावं लागलं, आणि थांबणाऱ्यांचं दुःख खरं होतं. मी एवढंच विचारते, की आधी चार दिवसांत मिळत होतं ते काय होतं? चौदांपैकी नऊ स्त्रियांना जिवाशी निगडित प्रश्न विचारला गेला नव्हता. त्या बायका भेट मिळाली म्हणून समाधानानं घरी गेल्या. तक्त्यात त्यांची नोंद 'मदत दिली' अशी झाली. त्या नऊ जणींना आम्ही एकेक करून परत फोन केले. चौघींनी हो सांगितलं.

म्हणून तास कमी करणं म्हणजे दुःखितांच्या तोंडचा घास काढून काम करणाऱ्यांना आराम देणं, अशी जी मांडणी होते ती मला मान्य नाही. जे ऐकणं अर्धं बंद झालेलं आहे, ते आपण पूर्ण धरून मोजत होतो. रांग खरोखर कमी करायची असेल तर माणसं वाढवावी लागतील. त्यासाठी पैसे लागतील, आणि ते मागताना हा हिशेब हाताशी असावा लागेल.

'करुणेचा थकवा' या नावाशीही माझं थोडं भांडण आहे. त्यातून असं वाटतं, की करुणा ही डब्यातल्या तेलासारखी संपणारी वस्तू आहे. ओल्गा क्लिमेकी आणि तानिया झिंगर या संशोधकांच्या प्रयोगांत वेगळंच दिसलं. दुःखी माणसांची चित्रफीत पाहताना त्यांचं दुःख स्वतः अनुभवण्याचा सराव केलेल्यांच्या नकारात्मक भावना वाढल्या. त्यांनाच नंतर करुणेचा सराव दिला, म्हणजे त्या माणसाचं भलं व्हावं या इच्छेत मन स्थिर करायला शिकवलं, तेव्हा त्या भावना खाली आल्या आणि सकारात्मक भावना वाढल्या. मेंदूतल्या हालचालीही दोन्ही वेळी वेगळ्या भागांत होत्या. दमवते ती सहवेदना, करुणा दमवत नाही, असा त्यांचा रोख आहे. आमच्या मुलीचा अनुभव याच्याशी जुळतो. ज्या केसमध्ये तिला काही करता आलं, मुलाची शाळा बदलली, बाईला सुरक्षित निवारा मिळाला, तिथलं ऐकणं भीषण असूनही तिला इतकं बाधलं नाही. जिथं ऐकून नुसतं लिहून ठेवायचं होतं, तिथं ती खचली.

पण ते प्रयोग स्वयंसेवकांवर, थोड्या दिवसांच्या सरावानं, पडद्यावर दुःख पाहून झालेले आहेत. रोज सहा माणसांसमोर बसण्याशी त्यांची बरोबरी होत नाही. आणि मला धास्ती अशी आहे, की यातून उद्या करुणेचं ध्यान शिकवणारी आणखी एक कार्यशाळा निघेल आणि एकोणीस तास तसेच राहतील. भिंतीत शिसं न घालता तंत्रज्ञाला नुसता जाड अंगरखा द्यावा, तसं ते होईल.

घरी राहून आजाऱ्याची सेवा करणाऱ्यांना तर अंगरखाही मिळत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या सासूचं सगळं करणारी सून, अंथरुणाला खिळलेल्या बायकोची काळजी घेणारा म्हातारा नवरा. त्यांची पाळी संपत नाही, रात्रही मोजावी लागते. त्यांच्या बाबतीतही खूण तीच : काहीतरी गाळलं जाऊ लागतं. कूस बदलायची राहते, औषधाची वेळ टळते, बोलणं हूं-हूंवर येतं. नातेवाईक याला कंटाळा म्हणतात. त्यांनी फोनवरून "तू स्वतःलाही जप गं" असं म्हणण्यापेक्षा येऊन आठवड्यातले ठरावीक आठ तास स्वतःकडे घ्यावेत. ठरावीक हा शब्द मी जाणूनबुजून वापरते. कधीतरी मिळणाऱ्या सुट्टीवर कुणाला झोप लागत नाही.

ती मुलगी अजून आमच्याकडेच आहे. चार महिन्यांनी तिचे चौकोन भरलेले दिसू लागले, नोंदी पुन्हा लांब झाल्या. झोपही बरीच सुधारली. दिराच्या बाबतीतली अस्वस्थता मात्र गेलेली नाही. ती कदाचित जाणारही नाही, असं ती स्वतःच म्हणते, आणि त्यासाठी ती आता दुसरीकडे समुपदेशन घेते. वहीत सुरुवातीला माझं नाव नव्हतं. पाच जणींच्या सगळ्या फायली मी वाचते, म्हणजे माझेही जड तास होतात, हे तिनंच दाखवून दिलं आणि सहावा रकाना आखला.

निधी देणाऱ्यांकडून दर तिमाहीला एक तक्ता येतो. किती जणींना मदत दिली, किती सेशन झाली, दर सेशनला खर्च किती. ऐकणाऱ्यांच्या तासांना आणि सुपरव्हिजनच्या खर्चाला त्यात जागा नाही. मागच्या दोन तिमाहींपासून आम्ही तक्त्याच्या उजवीकडे हातानं आणखी एक रकाना आखून भरतो : प्रत्येकीचे जड तास, सरासरी आणि सर्वांत जास्त. पहिल्या वेळी काहीच उत्तर आलं नाही. या वेळी तिकडून फोन आला, हा आकडा कसा काढता असं विचारायला. मी त्यांना येऊन वही बघायला सांगितलं आहे.